दहा हजार भरले की विषय संपला, असं सांगणाऱ्यांसाठी

पत्र : ताई, मी सोलापूरचाच, वय 28, चादरी-टॉवेलच्या सेल्समध्ये आहे, दिवसभर बाईकवरच असतो. गेल्या महिन्यात मित्राच्या वाढदिवसाला होटगी रोडला जेवायला गेलो होतो. 8 ते 11 मध्ये सगळी मिळून एक क्वार्टर घेतली, जेवलो पण नीट. साडेअकराला आसरा चौकाजवळ नाकाबंदीत धरलं, मशीनमध्ये 78 आलं. सिव्हिलला नेऊन रक्त घेतलं, रात्री भावाने सोडवून आणलं. लायसन त्यांच्याकडेच ठेवून घेतलं, मला पावती दिली. मित्र म्हणतात कोर्टात जा, कबूल कर, दहा हजार भर, विषय संपला. एकजण म्हणतो केस लढ, सुटशील. मी अजून पावतीवर गाडी चालवतोय. जेल होईल का, लायसन कधी मिळेल? घरी वडिलांना अजून सांगितलं नाही. — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भावा, पहिलं काम हे की आजपासून गाडी घरी ठेव. बाकी सगळं नंतर वाच.

ती पावती म्हणजे लायसन नाही. साध्या केसमध्ये पोलिसांनी कागद जमा केला की पावतीवर काही दिवस गाडी चालवता येते असं आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण दारूच्या केसमध्ये तसं नाहीये. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कलम 206 मध्ये नवीन भर घातली की दारू पिऊन गाडी चालवली असं वाटलं तर पोलिसांनी लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवायचं, आणि पावती द्यायची, पण त्या पावतीने लायसन परत मिळेपर्यंत गाडी चालवायचा अधिकार मिळत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तू महिनाभर जे करतोयस ते करायला नको होतं. माझ्याकडे एक पोरगा असाच आला होता, मार्केट यार्डात हमालांचा मुकादम, पावती पाकिटात ठेवून फिरत होता, पुन्हा नाक्यावर सापडला आणि एका केसच्या दोन केसेस झाल्या. पुढे लायसन सस्पेंड झाल्यावर कोणी चालवली तर कलम 182 लागतं, त्यात 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार दंड किंवा दोन्ही. फोनमधली डिजिटल कॉपी दाखवून निभावेल असंही समजू नको, नोंद सिस्टीममध्ये दिसते.

आता 78 चं बघू, कारण पत्रात तू 'एक क्वार्टर, जेवलो पण नीट' असं लिहिलंयस त्यावरून मला वाटतंय की मशीन चुकलं असं तुझ्या मनात कुठेतरी आहे. आकडेमोड करून बघू. क्वार्टर म्हणजे 180 मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे 77 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात 61 ग्रॅमच्या आसपास. 70 किलोच्या माणसाच्या अंगात हे पसरलं तर रक्तात दर 100 मिलीला अंदाजे 125 ते 130 मिलीग्रॅम येतं. शरीर तासाला साधारण 15 मिलीग्रॅम कमी करतं. तू 8 ला सुरू केलंस, साडेअकराला धरलं, साडेतीन तासांत 50 च्या आसपास गेले, उरले 75 ते 80. मशीन 78 म्हणतंय. पाच-दहा इकडे तिकडे होईल, वजन, जेवण, प्रत्येकाची तब्येत वेगळी, पण हा आकडा तुझ्याच सांगण्याशी जुळतोय. कायद्यातली मर्यादा 30 आहे, म्हणजे एक लार्ज पेग घेतला तरी पहिल्या तासात ती ओलांडली जाते. लिंबू सरबत, कॉफी, पान, तोंडावर गार पाणी यातल्या कशानेही तो आकडा हलत नाही, तो फक्त वेळेने कमी होतो, आणि 78 वरून 30 खाली यायला तुला आणखी सव्वातीन तास लागले असते, म्हणजे पहाटेचे पावणेतीन.

मशीन कधी चुकतं तेही सांगते, कारण ते खरंच चुकू शकतं. फुंकायच्या आधी दहा-पंधरा मिनिटांत कोणी दारू घेतली असेल, उलटी झाली असेल किंवा माऊथवॉशने चूळ भरली असेल तर तोंडातच अल्कोहोल असतं आणि आकडा खोटा चढतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावणं चांगलं. दर माणसाला नवी नळी हवी, आणि मशीनचं कॅलिब्रेशन ठरलेल्या मुदतीत झालेलं हवं. आणि मशीनमधून निघते ती छोटी चिठ्ठी, थर्मल कागदाची, बसच्या तिकिटाएवढी, त्यावर मशीनचा नंबर, टेस्टचा नंबर, तारीख, वेळ आणि रीडिंग असतं. तिची कॉपी तुझ्याकडे आहे का बघ, आणि असेल तर आत्ताच मोबाईलने फोटो काढ, कारण ती शाई चार-सहा महिन्यांत पुसट होते आणि कोर्टात उभं राहायच्या वेळी कोरा कागद हातात राहतो. चिठ्ठीवरची वेळ आणि पोलिसांच्या कागदावरची वेळ जुळते का बघ, मशीनचा नंबर दोन्हीकडे तोच आहे का बघ. केस लढायची झाली तर वकील आधी यातच हात घालेल.

सिव्हिलला का नेलं तेही समजून घे. मशीनमध्ये अल्कोहोल दिसलं तर कलम 203 खाली पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. यात लोक एक चूक करतात, दोन तास होऊन गेले म्हणजे केस गेली असं समजतात. तसं नाहीये, सोडणं म्हणजे कस्टडीतून सोडणं, केस चालूच राहते. फक्त त्या उशिराने पोलिसांच्या पुराव्यात खड्डा पडतो, तो किती मोठा ते कोर्ट ठरवतं. तुला कितीला धरलं आणि डॉक्टरने कितीला तपासलं, ती वेळ सिव्हिलच्या सर्टिफिकेटवर असते, ते मागून घे. रक्त घेताना हाताला स्पिरिटचा बोळा लावला होता का हेही आठव, कारण अल्कोहोल तपासायचं असताना स्पिरिट लावायचं नसतं, नमुन्यावरच शंका येते. माझ्या एका अशिलाला बोळ्याचा वास आठवत होता म्हणून आम्ही डॉक्टरला तेच विचारलं होतं. नमुना सीलबंद होऊन सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. तिथला आकडा 78 पेक्षा कमी आला तर चक्रावू नको, रक्त तासाभराने घेतलं असेल तर तो साठच्या घरात येणारच, त्यामुळे दोन आकडे वेगळे म्हणजे एक खोटा असं होत नाही.

काहीजण सांगतात की फुंकायलाच नको होतं. चुकीचा सल्ला आहे. फुंकायला नकार दिला आणि प्यायल्याचा संशय असला तर त्यावरूनच अटक होऊ शकते, आणि फुंकायला किंवा रक्त द्यायला दिलेला नकार, सबळ कारण नसेल तर, कलम 205 प्रमाणे कोर्टात तुझ्याच विरोधात धरला जाऊ शकतो. तू फुंकलंस, रक्त दिलंस, ते बरोबर केलंस.

आता मुख्य प्रश्न. कबूल करायचं की लढायचं. आणि मित्र म्हणतात तसा 'विषय संपतो' का.

सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, अशा चलनात जागेवर किंवा ऑनलाईन पैसे भरले की मिटतं, कारण त्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड करायची सोय ठेवली आहे. कलम 185 त्या यादीत नाही. म्हणून दारूची केस ऑनलाईन भरून मिटत नाही, ती कोर्टातच जाते, आणि कोर्टात जो 'गुन्हा कबूल' म्हणतो तो दोषी ठरतो, म्हणजे फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाल्याची नोंद होते, नुसता दंड भरल्याची नाही. पहिल्यांदा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15 हजार किंवा दोन्ही. आधी कायद्यात असं होतं की दुसरा गुन्हा पहिल्यापासून 3 वर्षांत झाला तरच तो 'दुसरा' धरायचा, ती ओळ 2019 ला काढून टाकली, त्यामुळे 'तीन वर्षं झाली की पाटी कोरी' हे जे काही लोक अजून सांगतात ते आता लागू नाही.

जेलचं विचारलंस. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळेच तुला त्या रात्री सोडलं. पहिली केस, अपघात नाही, कोणाला लागलं नाही, तू पोलिसांशी हुज्जत घातली नाहीस, अशा केसमध्ये बहुतेक वेळा दंडावरच निभावतं, पण निर्णय जज साहेबांचा असतो, त्यांना कैदेचा अधिकार आहे हे डोक्यात ठेवून जा. अपघात होऊन कोणी गेलं असतं तर हे पत्र वेगळं असतं, तेव्हा 185 एकटं नसतं, सदोष मनुष्यवधापर्यंत जातं, 2012 साली सुप्रीम कोर्टाने अलिस्टर परेराच्या मुंबईतल्या केसमध्ये तेच धरलं होतं.

पण ज्याच्यासाठी मी एवढं लिहितेय ते पुढे आहे, आणि ते तुझ्या मित्रांना माहीत नसणार. कोर्टाने 185 खाली दोषी ठरवलं की कलम 20 प्रमाणे लायसनसाठी अपात्र ठरवणं कोर्टावर बंधनकारक आहे आणि तो काळ कमीत कमी 6 महिने. दंड 10 हजार भरला तरी हे होतंच. कबूल करणारा माणूस रांगेत उभा असतो, नाव पुकारतात, गुन्हा वाचून दाखवतात, 'कबूल आहे का', 'हो साहेब', दोन मिनिटांत मोकळा, पैसे भरले, बाहेर येऊन चहा पितो, आणि ऑर्डरमधली लायसनची ओळ वाचलेलीच नसते. मग महिन्याने आरटीओत लायसन मागायला जातो तेव्हा कळतं. तू सेल्समध्ये आहेस, बाईक हेच तुझं दुकान आहे, 6 महिने बाईकशिवाय कसे काढायचे हे आधी ठरवून मग कबूल कर.

आणि आरटीओचा रस्ता कोर्टापासून वेगळा चालतो, हे अजून एक. पोलिसांनी पाठवलेलं लायसन आपल्या एमएच-13 च्या ऑफिसला पोचलं की ते तुला नोटीस काढतात, म्हणणं मांडायची संधी देतात, आणि मग एकतर लायसन परत देतात किंवा पहिल्या वेळी 3 महिन्यांसाठी अपात्र ठरवतात. दुसऱ्यांदा झालं तर लायसनच रद्द. त्या 3 महिन्यांनंतरही लगेच हातात मिळत नाही, रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. कोर्टाच्या निकालाची वाट आरटीओ बघत बसत नाही. नोटीस लायसनवरच्या पत्त्यावर जाते, तुझ्या लायसनवर जुना पत्ता असेल तर आधी जाऊन चौकशी कर, कारण नोटीस दुसऱ्याच घरी पडून राहते, तू येत नाहीस, आणि ऑर्डर एकतर्फी निघते. ऑर्डर हातात आल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं, त्यानंतर अवघड होतं. नोटीस आली की तोंडी न बोलता लेखी उत्तर दे, आधीची एकही केस नाही, अपघात नव्हता, नोकरी बाईकवर आहे, एवढं साधं लिही, खोटं एक शब्द लिहू नको, 78 चा आकडा त्यांच्या समोर असतो.

मग लढायचं का. 'लढ, सुटशील' म्हणणाऱ्याला विचार, कशावर? नुसता वास येत होता, पाय अडखळत होते यावर शिक्षा होत नाही, सुप्रीम कोर्टाने 1971 मध्ये बचूभाई करयाणी यांच्या केसमध्ये हे सांगितलंय की वास, अडखळणं, बाहुल्या मोठ्या होणं एवढ्यावर माणूस नशेत होता असं ठाम धरता येत नाही, टेस्ट हवी. पण तुझ्या केसमध्ये टेस्ट आहे, मशीनची आहे आणि रक्ताची येणार आहे. लढण्यासारखी केस अशी असते की आकडा 32-35 च्या काठावर आहे, किंवा चिठ्ठीच नाही, किंवा चिठ्ठीवरची वेळ आणि अटकेची वेळ एकमेकांशी बसत नाहीत, मशीनचं कॅलिब्रेशन संपलेलं, रक्ताला स्पिरिट लावलेलं, किंवा गाडी तू चालवतच नव्हतास, मागे बसला होतास. अशा ठिकाणी 'कबूल' म्हणणं म्हणजे घाईत पायावर धोंडा पाडून घेणं, कारण कबूल केल्यावर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील जवळजवळ बंद होतं, फक्त शिक्षा किती आणि कायद्यात बसते का एवढ्यापुरतंच उरतं.

तुझ्या पत्रात 78 आहे, गाडी तूच चालवत होतास, पिण्याचं तू स्वतः लिहिलंयस. कागदात मोठी चूक निघाली नाही तर मी तुला लढ म्हणणार नाही. लढलास तर टेस्ट घेणारा पोलीस, डॉक्टर, रिपोर्ट, सगळे साक्षीला येतील, तारखा पडतील, प्रत्येक तारखेला तुझा एक दिवस जाईल, आणि शेवटी 78 चा आकडा तिथेच उभा असेल. कबूल करायचंच असेल तर आधी चार्जशीटची आणि चिठ्ठीची कॉपी मागून घे, एका दिवसासाठी का होईना वकील सोबत ने, आणि त्याला दोनच गोष्टी सांगायला सांग. एक, पहिला गुन्हा आहे, अपघात नाही, म्हणून दंडावर निभवा. दुसरी जास्त महत्त्वाची, लायसन आधीपासून जमा आहे, तर 6 महिने कोणत्या तारखेपासून मोजायचे ते ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. हे तोंडी मागितल्याशिवाय कोणी लिहून देत नाही, आणि लिहिलेलं नसलं की पुढे कोर्ट आणि आरटीओमध्ये तुझ्याच चकरा होतात. दंडाची पावती आणि ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी त्याच दिवशी अर्ज करून घे. दंड भरता आला नाही तर ऑर्डरमध्ये लिहिलेली कैद भोगावी लागते, त्यामुळे पैसे खिशात घेऊनच जा.

अशा केसमध्ये 'अमुक साहेबांशी ओळख आहे, आठ हजारात मिटवतो' म्हणणारा कोणी ना कोणी असतो, कोर्टाच्या आवारात, नाक्यावर, नात्यातही. त्याला एक पैसा देऊ नको. 185 मिटवायची कोणाकडे सोयच नाही, आणि तो पैसे घेऊन गेला की तुझी तारीख चुकेल, तारीख चुकली की वॉरंट निघेल. समन्स आल्यावर तारखेला हजर राहणं हेच तुझ्या हातात असलेलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

एक गोष्ट पोरांना सांगायचीच आहे, त्या रात्री पिऊन आलेल्याला चावी देणारा, 'जा तू, काय होत नाही' म्हणणारा, त्याच्यावरही कलम 188 ने तीच शिक्षा लागू शकते जी चालवणाऱ्याला लागते. वाढदिवसाला तुला कोणी गाडी काढायला सांगितलं असेल तर तो सुटला एवढंच.

वडिलांना सांग. समन्स घरच्या पत्त्यावर येणार आहे, पोस्टमन किंवा पोलीस दारात आल्यावर कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं, आणि तुला 6 महिने सकाळी ऑफिसला सोडायला कोणीतरी लागणारच आहे. ऑफिसमध्येही साहेबांना सांगून लाईन बदलून घे, शहरातली दुकानं बसने, रिक्षाने करता येतील, पंढरपूर-अक्कलकोटची एसटीने. त्या पाकिटातल्या पावतीची झेरॉक्स काढून मूळ कागद कपाटात ठेव, लायसन परत घेताना आरटीओच्या खिडकीवर तो मागतील.